आठ आठवड्यांची रजा आणि वीस दिवसांची रेघ

हे प्रकरण इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीतलं आहे. मी तिथे एचआरचं काम पाहते. ज्यांच्या रजेबद्दल हे आहे त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. मेघना हे नाव खरं नाही, आणि ओळख पटेल असे काही बारीक तपशील बदलले आहेत. तारखांचं आणि दिवसांचं गणित मात्र जसंच्या तसं ठेवलंय, कारण सगळं प्रकरण त्या गणितावरच फिरलं. नियम २०२४-२५ साली जसे होते तसे दिले आहेत.

पार्श्वभूमी

मेघना मूळची मिरजेची. मार्च २०२२ मध्ये ती स्किल्ड वर्कर व्हिसावर आमच्याकडे टेस्टिंगच्या टीममध्ये आली. नवरा आणि तेव्हा काखेत असलेली मुलगी तिच्यावर अवलंबून म्हणून व्हिसा घेऊन आले. नवरा इथेच एका गोदामात शिफ्टमध्ये काम करतो. आई-वडील मिरजेत, भाऊ बंगळुरूला. हा नकाशा आपल्याकडच्या कितीतरी घरांचा आहे.

२०२४ च्या दिवाळीत आईचा उजवा गुडघा पार बसला. वाटी बदलण्यावाचून इलाज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ३० डिसेंबर ही ऑपरेशनची तारीख मिळाली. वडील सत्तरीच्या पुढचे. भाऊ ऑपरेशनचे चार दिवस येऊन राहू शकत होता, त्यानंतरचं सगळं कोण करणार हा प्रश्न होता. गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये दवाखान्यातले दिवस थोडे आणि घरचे फार असतात. टाके निघेपर्यंत साधारण दोन आठवडे, आधी वॉकर, मग काठी, आणि रोजचा व्यायाम करून घेणारं कोणीतरी घरात हवं.

मेघनाच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती तिने मला बऱ्याच उशिरा सांगितली. मुलगी साडेतीन वर्षांची झाली होती आणि आजीला ती मोबाइलच्या पडद्यावरच ओळखत होती. सप्टेंबर २०२५ पासून तिची शाळा सुरू होणार होती. एकदा शाळा लागली की इथे सत्राच्या मधे मुलांना घेऊन महिनाभर जाता येत नाही, शाळा सहसा परवानगी देत नाही आणि वर दंडही बसू शकतो. म्हणजे लांब मुक्कामाचा हा शेवटचा हिवाळा होता.

अर्ज आणि झटपट होकार

४ नोव्हेंबरला मेघनाने आपल्या मॅनेजरला ईमेल केला. १६ डिसेंबर ते ७ फेब्रुवारी, पूर्ण आठ आठवडे रजा हवी. २०२४ च्या वार्षिक रजेतले चार दिवस शिल्लक आहेत ते वापरते, बाकीचे सगळे बिनपगारी धरा. २०२५ ची रजा तिला शक्यतो उन्हाळ्यासाठी आणि मुलीच्या आजारपणांसाठी राखून ठेवायची होती.

मॅनेजर चांगला माणूस. त्याची स्वतःची आई केअर होममध्ये आहे. त्याने वीस मिनिटांत उत्तर पाठवलं: आई महत्त्वाची, जाऊन ये, कामाचं आम्ही बघू. त्या संध्याकाळीच मेघनाने तीन तिकिटं काढली. नवऱ्याचं परतीचं दोन आठवड्यांनंतरचं, तिचं आणि मुलीचं फेब्रुवारीतलं. पैसे परत न मिळणारी तिकिटं.

त्या ईमेलमध्ये एचआरला कोणी घेतलं नाही. मला हे कळलं १८ नोव्हेंबरला, तेही पगार काढणाऱ्या बाईंनी सहज विचारलं म्हणून: डिसेंबरच्या पगारातून किती दिवस कापायचे? मी कॅलेंडर उघडलं, बोटांनी दिवस मोजले, आणि पोटात गोळा आला.

अडचण नेमकी काय होती

आठ आठवड्यांतून नाताळचे दोन दिवस आणि १ जानेवारी या तीन सुट्ट्या वजा केल्या की कामाचे ३७ दिवस उरतात. त्यातले १० दिवस २०२४ मध्ये पडत होते आणि २७ दिवस २०२५ मध्ये.

व्हिसावर आणलेल्या कर्मचाऱ्यासाठी कंपनी स्पॉन्सर असते, आणि स्पॉन्सरला होम ऑफिसचा, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याचा, एक नियम पाळावा लागतो. अशा माणसाची बिनपगारी किंवा कमी पगारावरची गैरहजेरी एका कॅलेंडर वर्षात एकूण चार आठवड्यांहून जास्त झाली, तर स्पॉन्सरशिप थांबवावी लागते. पाच दिवसांचा आठवडा असलेल्याला चार आठवडे म्हणजे कामाचे वीस दिवस. रेघ ओलांडली की आम्ही होम ऑफिसला कळवायचं. मग ते व्हिसाची मुदत कमी करतात, आणि माणसाला साधारण साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधावा लागतो किंवा देश सोडावा लागतो. अवलंबून असलेल्यांचे व्हिसाही त्याच्याबरोबर जातात.

या नियमाला अपवाद आहेत, पण मोजके. बाळंतपणाची, दत्तक घेतानाची आणि पालक म्हणून मिळणारी कायदेशीर रजा, आजारपणाची रजा, ज्युरीचं काम, कायदेशीर संप, अशी ती यादी आहे. आजारपण म्हणजे कर्मचाऱ्याचं स्वतःचं. आईचं आजारपण या यादीत नाही.

मेघनाच्या अर्जाप्रमाणे २०२५ मध्ये २७ दिवस बिनपगारी होत होते. २०२४ चा हिशेबही वाटला तितका मोकळा नव्हता. त्या मार्चमध्ये मुलीला कांजिण्या आल्या तेव्हा तिने घरच्या अडचणीसाठीची तीन दिवसांची बिनपगारी रजा घेतली होती. तो कायद्याने मिळणारा हक्क आहे, पण अपवादांच्या यादीत नसल्यामुळे तेही तीन दिवस मोजले जातात. म्हणजे २०२४ चे नऊ आणि २०२५ चे सत्तावीस. दुसरा आकडा व्हिसा घालवायला पुरेसा होता.

मॅनेजरने नकार दिला असता तर मेघना माझ्याकडे भांडायला आली असती आणि तिथेच उलगडा झाला असता. होकार मिळाल्यामुळे कोणाला काही विचारायचं कारणच उरलं नाही. आणि तो होकार ईमेलवर होता. ७ फेब्रुवारीला ती परत आली असती, तोवर जानेवारीतच वीस दिवस भरून गेले असते, आणि पुढच्या तपासणीत कागद आमच्याच सहीचा निघाला असता.

समोर असलेले पर्याय

मेघनाला बोलावलं. आम्ही दोघी मराठीतच बोललो, दार लावून. पहिली पाच मिनिटं ती गप्प होती. मग म्हणाली, "ताई, मी राजीनामाच देऊ का? आईपेक्षा नोकरी मोठी नाही." मी तिला सांगितलं की राजीनामा दिलास तर तेच साठ दिवस लागू होतील, आणि नवऱ्याची नोकरीही त्यात जाईल. आधी कागद-पेन घेऊ.

पहिला पर्याय रजा छाटण्याचा. तीन आठवडे देऊन परत बोलवायचं. कंपनीच्या दृष्टीने हे सर्वांत सोपं. पण तीन आठवडे म्हणजे ३ जानेवारी, ऑपरेशननंतरचा चौथा दिवस. ती आईला दवाखान्यात ठेवून विमानात बसली असती.

दुसरा मॅनेजरने सुचवला: बिनपगारीच्या जागी अर्धा पगार देऊ, म्हणजे ती बिनपगारी राहणार नाही. मन मोठं होतं, पण नियमात कमी पगारावरची गैरहजेरीही तशीच मोजली जाते. अर्धा पगार देऊनही सत्तावीसचे सत्तावीसच राहिले असते.

तिसरा पर्याय मिरजेतून काम करण्याचा. सकाळी आईचं करायचं, दुपारपासून लॅपटॉप. हा पर्याय आम्ही जवळजवळ स्वीकारलाच होता. तो दोन ठिकाणी अडकला. ती ज्या प्रकल्पावर होती त्याच्या करारात ग्राहकाचा डेटा ब्रिटनबाहेरून उघडायचा नाही असं स्पष्ट कलम होतं, आणि माहिती-सुरक्षेच्या माणसाने एका वाक्यात नाही म्हटलं. शिवाय कामाची जागा बदलली की स्पॉन्सरने तेही कळवायचं असतं. भारतातून काम केल्यावर कराचं काय होतं, या प्रश्नापर्यंत आम्ही पोचलोच नाही. खरं सांगायचं तर मला वेगळंच वाटत होतं. वॉकरवरच्या आईला धरून चालवणारी आणि साडेतीन वर्षांच्या पोरीमागे धावणारी बाई दुपारी चार तास टेस्टिंग करेल हे कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात ना धड काम झालं असतं, ना धड सेवा.

चौथा सल्ला तिला मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळाला होता: मिरजेच्या ओळखीच्या डॉक्टरकडून स्वतःच्या पाठीचं सर्टिफिकेट घे आणि सिक लीव्ह दाखव. सिक लीव्ह अपवादात बसते हे त्या ग्रुपला बरोबर माहीत होतं. मेघनाने हे मला प्रामाणिकपणे सांगितलं, आणि मी तितक्याच स्पष्टपणे सांगितलं की हे मी ऐकलेलं नाही. खोटं सर्टिफिकेट सापडलं तर नोकरी जातेच, आणि पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या अर्जात ते आडवं येतं.

पाचवा होता केअरर्स लीव्हचा. एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमध्ये हा नवा हक्क आला आहे. वृद्ध किंवा दीर्घ आजारी आप्तासाठी वर्षाला एक आठवडा बिनपगारी रजा. आई त्यात बसत होती, आणि ती परदेशात राहते याने फरक पडत नव्हता. पण ही रजाही स्पॉन्सरशिपच्या अपवादात नाही. म्हणजे मालक नाही म्हणू शकत नाही, तरी दिवस वीसच्या हिशेबात धरले जातात. रजेचा हक्क असणं आणि ती रजा व्हिसाला न लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक मलाही त्या दिवशीच नीट उमगला.

मग उरले दोन मार्ग, आणि खरा निर्णय त्या दोघांमध्ये होता.

वीसची रेघ की पालकाची रजा

पहिला मार्ग साध्या वजाबाकीचा. २०२५ च्या वार्षिक रजेतले सात दिवस जानेवारीतच वापरायचे, मग २७ पैकी बरोबर वीस बिनपगारी राहतात. नियम म्हणतो चार आठवड्यांहून जास्त नको. वीस म्हणजे जास्त नाही. मॅनेजरला हे फार आवडलं: बसतंय की!

बसत होतं, पण वर्षाच्या पहिल्या सहा आठवड्यांतच पूर्ण कोटा संपत होता. पुढे फेब्रुवारी ते डिसेंबर तिला बिनपगारीचा एकही दिवस घेता आला नसता. लहान मूल असलेल्या घरात हे अशक्य आहे. नर्सरीतून फोन येतो, पोरीला ताप आहे, घेऊन जा. तो अर्धा दिवस बिनपगारी लागला की रेघ ओलांडली.

दुसरा मार्ग मला सुचला तो अपवादांची यादी तिसऱ्यांदा वाचताना. त्यात पालक रजा आहे. इथला तेव्हाचा कायदा असा की नोकरीला एक वर्ष झालेल्या आई किंवा बापाला प्रत्येक मुलामागे, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत, एकूण अठरा आठवडे बिनपगारी पालक रजा मिळते. एका वर्षात एका मुलामागे जास्तीत जास्त चार आठवडे, साधारणपणे पूर्ण आठवड्यांच्या हिशेबाने. एकवीस दिवस आधी सांगायचं. बाळंतपणाच्या रजेशी हिचा संबंध नाही, पण नावामुळे लोकांची गल्लत होते आणि ती कोणी मागतच नाही. आमच्या कंपनीत तोवर एकानेही मागितली नव्हती.

ही रजा मुलाच्या भल्यासाठी हवी. सरकारच्या संकेतस्थळावर त्याची उदाहरणं दिली आहेत, आणि त्यात आजी-आजोबांना भेटायला जाणं हे चक्क लिहिलेलं आहे. मी ते मेघनाला वाचून दाखवलं तेव्हा ती त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

मला मात्र तिथे एक टोचणी लागली. ही रजा खरंच मुलीसाठी होती का? गुडघा आईचा, टाके आईचे. मी मुलीचं नाव पुढे करून नियमाला वळसा घालते आहे का? वर मी मराठी, ती मराठी. उद्या कोणी म्हणालं की आपल्या माणसाला वाट काढून दिली, तर? म्हणून मी हे कंपनीच्या बाहेरच्या व्हिसा-सल्लागाराकडे पाठवलं आणि सगळी हकीकत न लपवता लिहिली. त्यांचं उत्तर थोडक्यात असं होतं: ज्या आठवड्यांत ती खरोखर मुलीबरोबर असेल आणि मुलगी आजी-आजोबांबरोबर, ते आठवडे पालक रजा म्हणून घ्या. ज्या आठवड्यांत ती दवाखान्यात आईच्या उशाशी असेल, ते घेऊ नका.

तेव्हाच मेघनाने मुलीचं आणि आजीचं ते पडद्यावरचं नातं सांगितलं. रजेच्या मूळ अर्जात त्याचा एक शब्द नव्हता. तिला वाटलं होतं ऑपरेशन हे कारण भक्कम, नातीला आजी भेटवणं हे कारण हलकं. इथल्या नियमात नेमकं उलटं निघालं.

काय केलं

सगळ्यात आधी मॅनेजरचा होकार लेखी मागे घेतला आणि त्याच ईमेलमध्ये नव्या मांडणीला परवानगी दिली. मांडणी अशी झाली. १६ ते १९ डिसेंबर, २०२४ ची शिल्लक वार्षिक रजा, चार दिवस. २० ते ३१ डिसेंबर, साधी बिनपगारी, सहा दिवस. मार्चचे तीन धरून वर्षाचे नऊ. २ ते १० जानेवारी, म्हणजे आई दवाखान्यात आणि घरी आल्यानंतरचे पहिले दिवस, २०२५ ची वार्षिक रजा, सात दिवस. आणि १३ जानेवारी ते ७ फेब्रुवारी, चार पूर्ण आठवडे, पालक रजा.

पालक रजा नाताळच्या आठवड्यांत न टाकता जानेवारीत टाकण्याचं आणखी एक कारण होतं. ती आठवड्याने मोजली जाते. दोन दिवस आधीच सुट्टीचे असलेल्या आठवड्यात ती घेतली तर वर्षाच्या चारातला एक आठवडा तीन दिवसांसाठी खर्ची पडला असता.

या मांडणीत २०२५ मध्ये व्हिसाच्या हिशेबाने तिची बिनपगारी गैरहजेरी शून्य राहिली आणि पुढच्या अकरा महिन्यांसाठी वीसचे वीस दिवस हातात राहिले. वार्षिक रजेचे अठरा दिवसही उरले.

पैशांचं बोलणं मी मुद्दाम वेगळ्या दिवशी केलं. एकूण २६ दिवसांचा पगार जाणार होता, म्हणजे कामाचा जवळजवळ सव्वा महिना. नवऱ्याच्या शिफ्टच्या पगारावर घरभाडं निघत होतं, नर्सरीचे पैसे मात्र जागा राखायला भरावेच लागणार होते. तिने मिरजेत ऑपरेशनसाठी पाठवायच्या पैशांतला वाटा भावाकडून वाढवून घेतला. बहिणीने रजा द्यायची आणि भावाने रक्कम, असं त्यांचं ठरलं.

मुलीचा जन्मदाखला मागायचा हक्क कंपनीला असतो, तो मागितला. महानगरपालिकेचा दाखला मराठी-इंग्रजी दोन्हींत असल्यामुळे भाषांतराचा खर्च वाचला. अर्ज, दाखला, सल्लागाराचं उत्तर आणि रजेचा तक्ता तिच्या स्पॉन्सरशिपच्या फाइलमध्ये लावला. तपासणीला कोणी आलं तर त्यांना हेच कागद बघायचे असतात.

परतीचा एक धोका शेवटच्या क्षणी सापडला. त्या वर्षी ब्रिटनने प्लास्टिकची निवासी कार्डं बंद करून ई-व्हिसा आणला आणि बहुतेक कार्डांवर ३१ डिसेंबर २०२४ हीच मुदत होती. म्हणजे ही माणसं चालू कार्डावर जाणार आणि संपलेल्या कार्डावर परतणार. मेघनाने स्वतःचं ऑनलाइन खातं केव्हाच उघडलं होतं. मुलीचं वेगळं खातं लागतं आणि त्याला तिचा पासपोर्ट जोडावा लागतो, हे तिच्या लक्षात नव्हतं. डिसेंबरच्या सुरुवातीला सरकारने संपलेली कार्डं प्रवासासाठी ३१ मार्चपर्यंत चालतील असं जाहीर केलं खरं, पण मुंबईच्या विमानतळावर रात्री दोन वाजता काउंटरवरच्या मुलाला ते माहीत असेल यावर कोण विसंबणार? मुलीचं खातं निघण्याच्या आठ दिवस आधी तयार झालं.

काय झालं

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. दवाखान्याच्या दिवसांत मुलगी मावशीकडे राहिली. जानेवारीच्या मध्यापासून आईचं चालणं वॉकरवर सुरू झालं आणि व्यायामाची जबाबदारी नातीने घेतली. फिजिओने सांगितलेले आकडे ती मोठ्याने मोजायची, इंग्रजीत, आणि आजी मराठीत.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जखमेतून पाणी यायला लागलं. जंतुसंसर्ग खोलवर गेला तर बसवलेली वाटीच काढावी लागते, म्हणून डॉक्टर लक्ष ठेवून होते. मेघनाचा मला रात्री मेसेज: "ताई, एक आठवडा वाढवला तर चालेल?" चाललं. १० ते १४ फेब्रुवारी हे पाच दिवस आम्ही वार्षिक रजेत टाकले. अठराचे तेरा राहिले. गोळ्यांनी जखम सुकली आणि ती १५ फेब्रुवारीला परतली. पोचल्यावर तिने आपल्या वहीत ब्रिटनबाहेरचे दिवस लिहिले: जाण्या-येण्याचे दिवस सोडून ६२. कायम वास्तव्याच्या अर्जासाठी कुठल्याही सलग बारा महिन्यांत १८० च्या आत राहावं लागतं, तिथे काही धोका नव्हता.

२०२५ च्या उरलेल्या काळात मुलगी दोनदा आजारी पडली आणि मेघनाला चार दिवस बिनपगारी घ्यावे लागले. वीसच्या काठावरची मांडणी निवडली असती तर ते चोवीस झाले असते.

टीममध्ये मात्र सगळं गोड नव्हतं. तिचं काम दोघांत वाटलं होतं. त्यातला एक फिलिपिनो सहकारी मार्चमध्ये माझ्याकडे आला. आवाज चढवला नाही, पण म्हणाला, "मी मागच्या वर्षी पाच आठवडे मागितले, मला तीनच मिळाले. व्हिसाचा नियम आहे असं सांगितलं." त्याची बायको आणि दहा वर्षांचा मुलगा तिकडेच राहतात. मी जुने कागद काढले. त्याला नियम सांगितला होता तो बरोबर होता, अपवाद सांगितला नव्हता. मुलाने आपल्याबरोबर राहिलंच पाहिजे अशी पालक रजेला अट नाही. त्याला तेव्हाही ती मिळाली असती. मलाच माहीत नव्हती.

त्याची मी माफी मागितली आणि तसं लेखी दिलं. त्याने एप्रिलमध्ये चार आठवड्यांचा अर्ज केला. मॅनेजरने मोठ्या रिलीजमुळे तो पाच आठवडे पुढे ढकलला. कायदा मालकाला सहा महिन्यांपर्यंत तेवढी मुभा देतो, फक्त सात दिवसांत कारणासह लेखी कळवावं लागतं. तो जूनमध्ये गेला.

वेगळं काय करता आलं असतं

मॅनेजरला मी दोष देत नाही. आम्ही त्याला कधी सांगितलंच नव्हतं की व्हिसावरच्या माणसाला बिनपगारी रजेचा होकार एकट्याने द्यायचा नसतो. आता रजेच्या फॉर्मवर एक चौकोन आहे: या वर्षात आतापर्यंत किती दिवस बिनपगारी झाले? आकडा दहाच्या वर गेला की फॉर्म आपोआप माझ्याकडे येतो. दहा का? वीसला जागं होऊन उपयोग नसतो.

मेघनाने तिकिटं आधी काढायला नको होती, हे ती स्वतः म्हणते. पण ४ नोव्हेंबरला डिसेंबरचं तिकीट रोज महाग होत असतं आणि हातात लेखी होकार असतो. कोणीही काढली असती. १८ नोव्हेंबरला आमच्यापाशी चार आठवडे तरी होते. पगाराच्या बाईंनी तो प्रश्न डिसेंबरच्या अखेरीस विचारला असता तर मेघना मिरजेत असती आणि सगळं फोनवर निस्तरावं लागलं असतं.

माझ्या स्वतःच्या दोन चुका आहेत. पहिली, रजा कशासाठी हवी हे मी सुरुवातीला एकदाच विचारलं आणि पहिलं उत्तर पुरेसं धरलं. आपली माणसं ऑफिसात सगळ्यात गंभीर कारण पुढे करतात आणि बाकीची घरात ठेवतात. "तिथे गेल्यावर तुझे दिवस कसे जातील, आठवड्याआठवड्याने सांग," असं विचारलं असतं तर मुलीची गोष्ट पहिल्याच भेटीत बाहेर आली असती. दुसरी चूक त्या सहकाऱ्याच्या बाबतीतली, ती वर सांगितली. बाहेरच्या सल्लागाराला मी माझ्या भाषेतल्या मुलीसाठी लिहिलं, त्याच्यासाठी लिहावंसं मला सुचलं नाही. असं का झालं, याचं उत्तर माझ्याकडे अजून नीट नाही.

एक वाद आमच्याकडे अजून चालू आहे. आमच्या संचालकांना वाटतं की ठरावीक वर्षं झालेल्या परदेशी कर्मचाऱ्यांना तीन वर्षांतून एकदा सहा आठवडे घरी जायची सोय कंपनीनेच द्यावी, त्यातले दोन पगारी. मला कल्पना आवडते, पण इथेच जन्मलेल्या कर्मचाऱ्याने विचारलं की माझी आई कॉर्नवॉलला असते, मला का नाही, तर काय सांगायचं ते ठरलेलं नाही.

मेघनाच्या आईचा डावा गुडघाही आता बोलायला लागलाय. डॉक्टरांनी पुढच्या थंडीचं सुचवलं आहे. या वेळी मुलगी शाळेत असेल, म्हणून नाताळच्या सुट्टीचे दोन आठवडे आणि त्याला जोडून काय मिळतं ते बघायचं आहे. परवा मेघना माझ्या टेबलापाशी आली, हातात वही. तिकिटं काढलेली नव्हती.